चकलीच्या पाकिटावरची मराठी आणि इंग्रजी घटकयादी दर छपाईला वेगळी का निघते?

तक्रार जवळपास नेहमी एकच असते. पाकिटाच्या मागे इंग्रजीत आणि मराठीत घटकयादी आहे, शेजारी पोषणमूल्यांचा तक्ता आहे. पहिल्या छपाईला सगळं ठीक वाटतं. मग तेलाचा ब्रँड बदलतो किंवा पाकीट २०० ग्रॅमवरून १५० ग्रॅमवर येतं. दुसरी छपाई होते आणि कुणाच्या तरी लक्षात येतं की इंग्रजीत आठ घटक आहेत, मराठीत दहा. इंग्रजीत तेल पाचवं, मराठीत शेवटचं. चुका दुरुस्त होतात, रोल छापून येतात, आणि तिसऱ्या छपाईला दुसरीकडेच काहीतरी बिघडलेलं असतं.

फरसाण, चिवडा, चकली, बाकरवडी करणाऱ्या छोट्या उद्योगांच्या पाकिटांचा मजकूर मी तयार करते. ही चूक मी इतक्या वेळा दुरुस्त केली आहे की ती कुठून येते ते आता सांगता येतं. ती भाषांतर करणाऱ्याच्या मराठीमुळे किंवा इंग्रजीमुळे क्वचितच होते. एक यादी दुसऱ्या यादीवरून तयार केली जाते, तिथे ती सुरू होते. मराठी पाककृतीवरून कुणीतरी इंग्रजी लिहितं, पुढच्या वेळी तेच इंग्रजी बघून दुसरं कुणीतरी मराठी लिहितं, आणि दर फेरीत एखादा घटक जागा बदलतो किंवा भलताच पदार्थ होऊन बसतो.

खाली भाजणी चकलीच्या एका पाकिटाची दुरुस्ती पूर्ण दाखवते. ओळख पटू नये म्हणून आकडे सोपे केले आहेत, प्रमाण मात्र प्रत्यक्षासारखंच आहे.

आधी कायद्याचं तेवढंच, जेवढं कामाला लागतं. एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंग नियमांप्रमाणे सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतल्या हिंदीत हवी. मराठी त्याच्या जोडीला देता येते, त्याऐवजी नाही. लिपी देवनागरीच असल्यामुळे फक्त मराठी मजकूर चालेल असा गैरसमज मला दोनदा भेटला आहे. तो चालत नाही. म्हणजे मराठी ग्राहकासाठी मराठी आणि कायद्यासाठी इंग्रजी, अशा दोन्ही भाषा पाकिटावर येतात. दोन्हींत एकच गोष्ट असली पाहिजे. एकीत गहू आहे आणि दुसरीत नाही, असं पाकीट कुठल्याच बाजूने बरोबर ठरत नाही.

तेल नेमकं कितवं?

या चकलीची मराठी यादी अशी होती: भाजणीचं पीठ, तीळ, तिखट, मीठ, हळद, ओवा, हिंग, तेल. वाचताच लक्षात येतं की हा परातीत घालण्याचा क्रम आहे. पीठ घेतलं, त्यात तीळ-तिखट-मीठ घातलं, शेवटी कडकडीत तेलाचं मोहन. कृती म्हणून हे अगदी बरोबर. घटकयादीत मात्र क्रम वजनाचा लागतो. तयार करताना जो घटक वजनाने सर्वांत जास्त तो आधी, मग उतरत्या क्रमाने बाकीचे.

इंग्रजी यादी डिझाइन करणाऱ्याने वजनाप्रमाणे लावली होती, तरी तीही चुकली. त्याच्याकडे आलेल्या कागदावर दहा किलो भाजणीला एक किलो तेल लिहिलं होतं. त्याने भाजणी सुटी केली, तांदूळ आणि तीन डाळींनंतर तेल पाचवं ठेवलं. ते एक किलो म्हणजे फक्त मोहन. तळताना चकली जे तेल पिते, ते कुणी कागदावर आणलंच नव्हतं, कारण ते मोजून घालायचं नसतं. कढईत असतंच.

हे तेल मोजायला काही महागडं लागत नाही. एका पूर्ण घाण्यासाठी कढईत घातलेलं तेल तोलायचं, तळून झाल्यावर उरलेलं गाळून पुन्हा तोलायचं, गाळणीवर राहिलेला चुरा आणि गाळ वेगळा तोलायचा. इथे सुरुवातीला १५ किलो होतं, शेवटी ११.६ किलो उरलं, गाळ २०० ग्रॅम. म्हणजे चकल्यांनी ३.२ किलो तेल प्यायलं. मोहन धरून एकूण ४.२ किलो. आता क्रम लावा. भाजणी १० किलो, तेल ४.२ किलो, तीळ ३०० ग्रॅम, तिखट २५० ग्रॅम, मीठ २५० ग्रॅम, हळद आणि ओवा ५०-५० ग्रॅम, हिंग ३० ग्रॅम. भाजणी सुटी करून लिहिली तरी तांदूळ ४.८ किलो आणि हरभरा डाळ २.४ किलो, त्यामुळे तेल दुसरंच येतं. शेवटचं आणि पाचवं या दोन्ही जागा चुकीच्या होत्या. पीठ भिजवायला घातलेलं पाणी तळताना उडून जातं, म्हणून ते यादीत येत नाही.

हे तपासायला प्रयोगशाळेचा अहवालच हाताशी असतो. त्यात एकूण मेद १०० ग्रॅमला ३२.४ ग्रॅम लिहिला होता. तयार चकली १४.३ किलो भरली. ४.२ किलो तेल, त्यात तिळातलं आणि डाळी-धन्या-जिऱ्यातलं मिळून साधारण ४०० ग्रॅम धरलं, तर १४.३ किलोत सुमारे ४.६ किलो मेद झाला. म्हणजे ३२ टक्के. अहवालाशी जुळलं. तेल खरंच एक किलो असतं तर मेद १३ टक्क्यांच्या आसपास आला असता. पाकिटावर मेद तिशीच्या पुढे आणि यादीत तेल डाळींच्या मागे दिसलं, तर यादी चुकलेली आहे हे पाकीट न फोडताही कळतं. तळलेल्या कुठल्याही पदार्थाला मी हीच तपासणी आधी करते.

ब्लॅक ग्रॅमचे काळे हरभरे

या पाकिटाच्या दुसऱ्या छपाईत मराठी बाजूने उडीद डाळ गायब झाली आणि तिथे ‘काळे हरभरे’ आले. वरवर पाहता कुणालाही खटकलं नाही, कारण काळे हरभरे खाण्याचाच पदार्थ आहे. झालं होतं असं: पहिल्या छपाईत उडीद डाळीचं इंग्रजी ‘ब्लॅक ग्रॅम’ केलं गेलं, ते बरोबरच होतं. दुसऱ्या वेळी मूळ पाककृती कुणाजवळ नव्हती, म्हणून त्या इंग्रजीवरून मराठी केलं. ब्लॅक म्हणजे काळा, ग्रॅम म्हणजे हरभरा.

इंग्रजीत हा ‘ग्रॅम’ फार फसवा शब्द आहे. बेंगॉल ग्रॅम म्हणजे हरभरा, ब्लॅक ग्रॅम म्हणजे उडीद, ग्रीन ग्रॅम म्हणजे मूग, रेड ग्रॅम म्हणजे तूर, हॉर्स ग्रॅम म्हणजे हुलगे किंवा कोकणातले कुळीथ. रंगावरून अर्थ लावला की चुकतंच. म्हणून इंग्रजी बाजूलाही नुसतं ‘ग्रॅम फ्लोअर’ लिहू नका, ‘बेंगॉल ग्रॅम’ असं पूर्ण लिहा. असाच प्रवास धन्यांचा होतो. धने इंग्रजीत गेले की कोरिअँडर होतात आणि परत येताना कोथिंबीर होऊन येतात. इंग्रजीत ‘सीड्स’ हा शब्द जोडला की हे थांबतं.

दुसरी वाट हिंदीची. बरीच डिझाइन दुकानं जुन्या हिंदी पाकिटावरचा मजकूर उचलून त्याची मराठी करतात. मूंगफली, अजवाइन, सौंफ हे शब्द तरी लगेच परके दिसतात आणि पकडले जातात. जास्त धोका दोन्ही भाषांत असलेल्या पण अर्थ वेगळा असलेल्या शब्दांचा. हिंगाच्या घटकांत हिंदीत ‘गोंद’ असतो. मराठीत गोंद म्हणजे कागद चिकटवायचा. खायचा तो डिंक. चकलीच्या पाकिटावर गोंद छापलेला मी स्वतः पाहिला आहे.

आणखी दोन शब्दांबद्दल मी हट्टी आहे. फॅटला ‘चरबी’ लिहू नका. मराठी माणसाच्या डोळ्यासमोर चरबी म्हणजे जनावराची येते, आणि शेजारी शाकाहाराची हिरवी खूण असते. तिथे ‘मेद’ किंवा ‘स्निग्ध पदार्थ’ लिहा. मी ‘मेद’ वापरते, कारण त्याला ‘संपृक्त मेद’ सहज जोडता येतो आणि अरुंद रकान्यात बसतो. दुसरा शब्द ‘वनस्पती’. इंग्रजीत एडिबल व्हेजिटेबल ऑइल असतं, त्याचं शब्दाला शब्द ‘खाद्य वनस्पती तेल’ होतं. आपल्याकडे वनस्पती म्हणजे डब्यातलं घट्ट वनस्पती तूप हाही अर्थ पक्का रुजलेला आहे, आणि ते तेलापेक्षा वेगळंच आहे. ‘खाद्यतेल’ लिहा आणि कंसात तेलाचं नाव द्या. नियमालाही कुठलं तेल ते नावानिशी हवंच आहे. पामोलीन असेल तर पामोलीन लिहा, पाम तेल नको.

हिंगातला गहू

या पाकिटाच्या दर्शनी बाजूला ठळक मराठी अक्षरांत ‘मैदा नाही’ असं लिहिलं होतं. उद्योग चालवणाऱ्या बाईंनी ते मनापासून लिहिलं होतं. भाजणीत तांदूळ आणि डाळीच आहेत, मैद्याचा प्रश्नच येत नाही असं त्या म्हणाल्या. मी त्यांच्याकडून वापरतात त्या हिंगाची डबी मागवली. मागे बारीक अक्षरांत घटक होते: खाद्य डिंक, गव्हाचं पीठ, हिंग.

बाजारात मिळणारा बहुतेक हिंग बांधणीचा असतो. शुद्ध हिंग अतिशय उग्र असल्यामुळे तो डिंक आणि पिठात मिसळून विकतात, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. तांदळाचं पीठ वापरलेला हिंगही मिळतो. पंधरा किलोच्या घाण्यात ३० ग्रॅम हिंग म्हणजे ०.२ टक्के. संयुक्त घटक पाच टक्क्यांपेक्षा कमी असेल तर त्याचे आतले घटक लिहिण्यातून सूट आहे, आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. ऍलर्जीच्या घटकांना ही सूट लावायची नाही. ग्लूटेन असलेली धान्यं, दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणे व कठीण कवचाची फळं, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढचे सल्फाइट यांतलं काही पदार्थात असेल, तर ते ‘यात आहे’ अशा वेगळ्या ओळीत सांगावं लागतं. ज्याला सिलिअॅक आजार आहे त्याच्या घरी चकली घेताना ‘मैदा नाही’ वाचूनच पाकीट टोपलीत पडतं. म्हणून हे वाक्य दर्शनी बाजूवरून काढलं आणि मागे गव्हाची ओळ आली. बाईंना वाईट वाटलं, पण त्यांनी एक दिवसही लावला नाही. पुढच्या घाण्यापासून तांदळाच्या पिठातला हिंग घ्यायचा का, हा निर्णय त्यांचा. तो घेतला तर डबीवरचे घटक पुन्हा वाचायचे आणि तयार चकली तपासून घ्यायची.

त्याच कढईत शेंगदाण्यांचा चिवडाही तळला जातो असं बोलता बोलता कळलं. म्हणून ‘शेंगदाण्यांचा अंश असू शकतो’ ही ओळ वाढली. ही माहिती कुठल्याच कागदावर नसते, ती विचारूनच मिळते. मी आता प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते: या कढईत, या चाळणीत आणि या पॅकिंग मशीनवर आठवडाभरात आणखी काय काय जातं? विदर्भात जाणाऱ्या मालावर ‘फल्लीदाणे’ लिहावं का, असंही एकदा विचारलं गेलं. ऍलर्जीच्या ओळीत सगळीकडे कळणारा शब्दच हवा, तिथे ‘शेंगदाणे’.

तिळाचं थोडं वेगळं आहे. आपल्या नियमांच्या ऍलर्जी यादीत तीळ नाही, पण युरोपात आहे आणि अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून आहे. तिकडच्या नातेवाइकांच्या दुकानात माल ठेवायचा असेल तर तिकडचं लेबल वेगळं करावं लागतं. इथल्या लेबलावर स्टिकर चिकटवून भागत नाही.

सोडियम म्हणजे मीठ नव्हे

पोषणमूल्यांच्या तक्त्यात सर्वांत जास्त वेळा सापडणारी चूक ही आहे. इंग्रजीत सोडियम ७०५ मिलिग्रॅम. मराठीत कुणीतरी ग्राहकाला कळावं म्हणून ‘मीठ ७०५ मिग्रॅ’ केलं. हेतू चांगला, पण मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरिन मिळून. सोडियम मिठाच्या साधारण चाळीस टक्केच असतं. सोडियमचं मीठ करायचं तर अडीचने गुणावं लागतं. ७०५ मिलिग्रॅम सोडियम म्हणजे सुमारे १.७६ ग्रॅम मीठ. मराठी वाचणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णाला मिठाचा आकडा निम्म्याहून कमी दाखवला गेला. घाण्यात घातलेल्या २५० ग्रॅम मिठावरूनही हे पडताळता येतं: १४.३ किलो चकलीत २५० ग्रॅम म्हणजे १०० ग्रॅमला १.७५ ग्रॅम. जुळतं. तक्त्यात दोन्ही भाषांत ‘सोडियम’च लिहा.

तसंच ‘अॅडेड शुगर’चं ‘जोडलेली साखर’ होतं. साखर कुणी जोडत नाही, घालतात. ‘वरून घातलेली साखर’ लिहिलं की एकूण साखरेपासून ती वेगळी का दाखवली आहे, हेही कळतं. या चकलीत एकूण साखर १.६ ग्रॅम आहे, ती धान्याची स्वतःची. वरून घातलेली शून्य.

टक्क्यांच्या रकान्यात वेगळाच घोळ होता. इंग्रजी तक्त्यात सोडियमपुढे ८.८ टक्के, मराठी तक्त्यात ३५.३ टक्के. दोन्ही आकडे हिशोबाने बरोबर होते. पहिला २५ ग्रॅमच्या एका वेळच्या प्रमाणावरून काढलेला, दुसरा १०० ग्रॅमवरून. नियमाला हे टक्के एका वेळच्या प्रमाणाचे हवे असतात, आणि आधार ठरलेला आहे: दिवसाला २००० किलोकॅलरी ऊर्जा, ६७ ग्रॅम एकूण मेद, २२ ग्रॅम संपृक्त मेद, २ ग्रॅम ट्रान्स मेद, ५० ग्रॅम वरून घातलेली साखर आणि २००० मिलिग्रॅम सोडियम. ‘सर्व्हिंग साइज’ला ‘एका वेळचे प्रमाण’ म्हटलं की कुणी अडत नाही.

आकडे स्वतःशी तरी जुळतात का, हे एका सूत्राने कळतं. शीटमध्ये प्रथिने B2 मध्ये, कर्बोदके B3 मध्ये आणि मेद B4 मध्ये असेल तर:

```
=B2*4+B3*4+B4*9
```

इथे १०.८, ५०.६ आणि ३२.४ घातले की ५३७ किलोकॅलरी येतात. पाकिटावर ५७३ छापलं होतं. टाइप करताना अंक उलटे झाले होते, आणि फक्त मराठी बाजूला.

आकडे एकदाच टाइप करायचे

हे सगळं दुरुस्त करूनही पुढच्या छपाईला काहीतरी निघणारच, जोवर दोन भाषांचे दोन तक्ते आहेत. म्हणून मी दोन तक्ते ठेवतच नाही. एकच तक्ता, प्रत्येक ओळीत आधी मराठी नाव, मग इंग्रजी नाव, आणि आकड्यांचा रकाना सामाईक. आकडे 1, 2, 3 अशाच रूपात. निव्वळ वजन आणि किंमत याच अंकांत ठेवायची असते, त्यामुळे सगळ्या पाकिटावर एकच अंकपद्धत राहते. जागाही वाचते.

```
पोषणमूल्य / Nutritional information
एका वेळचे प्रमाण / Serving size: 25 g
                                   100 g   %RDA*
ऊर्जा / Energy (kcal)               537     6.7
प्रथिने / Protein (g)               10.8     -
कर्बोदके / Carbohydrate (g)         50.6     -
एकूण साखर / Total sugars (g)        1.6      -
वरून घातलेली साखर / Added sugars (g)  0      0
एकूण मेद / Total fat (g)            32.4    12.1
संपृक्त मेद / Saturated fat (g)     13.2    15.0
ट्रान्स मेद / Trans fat (g)         0.1     1.3
कोलेस्टेरॉल / Cholesterol (mg)      0        -
सोडियम / Sodium (mg)                705     8.8
```

चांदणीच्या टिपेत ‘रोजच्या शिफारशीतील वाटा, एका वेळच्या प्रमाणात’ असं दोन्ही भाषांत येतं.

घटकयादीला हा उपाय चालत नाही, ती दोन परिच्छेदांतच लिहावी लागते. तिच्यासाठी मूळ शीट एकच ठेवायची: घटकाचं वजन, मराठी नाव, इंग्रजी नाव, ऍलर्जी आहे का, आणि तो घटक कुठल्या डबीतून किंवा पोत्यातून येतो. वजनाच्या रकान्यावर उतरता क्रम लावायचा आणि त्याच क्रमाने दोन्ही परिच्छेद उतरवायचे. इथे भाजणी त्यांच्याकडेच दळली जाते, पण मराठी ग्राहकाला ‘भाजणी’ हा शब्द दिसायला हवा होता, म्हणून ती संयुक्त घटक म्हणून ठेवली आणि आतले घटक कंसात दिले. पाकिटावर भाजणी ठळकपणे सांगितली आहे, त्यामुळे तिचा टक्काही आला: उडून जाणारं पाणी सोडून एकूण १५.१३ किलोत १० किलो, म्हणजे ६६ टक्के. एका भाषेत कंसाची रचना आणि दुसऱ्या भाषेत सुटी यादी असं मात्र करू नका, मग तुलनाच करता येत नाही.

```
घटक: भाजणीचे पीठ 66% (तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ,
मूग डाळ, धने, जिरे), खाद्यतेल (पामोलीन), तीळ,
लाल तिखट, मीठ, हळद, ओवा, बांधणीचा हिंग
(खाद्य डिंक, गव्हाचे पीठ, हिंग).
यात गहू (ग्लूटेन) आहे. शेंगदाण्यांचा अंश असू शकतो.

Ingredients: Bhajani flour 66% (rice, Bengal gram dal,
black gram dal, green gram dal, coriander seeds, cumin),
edible vegetable oil (palmolein), sesame seeds,
red chilli powder, salt, turmeric, ajwain,
compounded asafoetida (edible gum, wheat flour, asafoetida).
Contains wheat (gluten). May contain peanuts.
```

स्वल्पविराम मोजले तरी दोन्हींत सारखे येतात. ही अगदी बाळबोध तपासणी आहे, पण छापखान्यातून आलेल्या प्रूफवर मी आधी तेच करते. घटक गळला असेल तर तो एका मिनिटात सापडतो.

मजकूर बरोबर, छपाई चुकीची

कधी कधी शीट बरोबर असते आणि तरी पाकिटावर ‘गरॅम’ किंवा तुटलेला ‘प्रथिने’ दिसतो. याचं कारण फॉन्ट. डिझाइनवाल्याकडे जुने, युनिकोड नसलेले मराठी फॉन्ट असतात. तुमचा युनिकोड मजकूर त्यात चिकटवला की अक्षरं विस्कटतात, मग तो हाताने पुन्हा टाइप करतो, आणि तिथे नव्या चुका शिरतात. इलस्ट्रेटरमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी चालू केलेली नसेल तर युनिकोड फॉन्ट असूनही वेलांटी व्यंजनाच्या चुकीच्या बाजूला बसते. `Preferences > Type` मध्ये `Show Indic Options` चालू आहे का, ते आधी विचारा.

तपासायला वेगळा मजकूर लागत नाही, तक्त्यातलेच चार शब्द पुरतात. ‘ऊर्जा’मध्ये रफार आहे, ‘प्रथिने’मध्ये खालचा रकार आणि वेलांटी, ‘संपृक्त’मध्ये ऋकार आणि जोडाक्षर, ‘ट्रान्स’मध्ये ट खालचा रकार. हे चारही नीट दिसले तर बाकी सहसा ठीक असतं. ऊर्जेचा ऊ दीर्घ आहे हेही तेव्हाच बघून घ्या, ‘उर्जा’ फार वेळा छापलं जातं.

अक्षराचा आकार नियमातल्या तक्त्यातून घ्या, पण देवनागरीला मी किमान आकारापेक्षा थोडं वरच ठेवते. इंग्रजीच्या त्याच उंचीत देवनागरीला शिरोरेषा, वर मात्रा आणि खाली रकार असं सगळं बसवावं लागतं. लॅमिनेटचे रोल बहुधा ग्रॅव्ह्युअरने छापतात, प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर असतो, आणि हे सिलिंडर किंचित जरी सरकले तरी दोन रंगांतली बारीक अक्षरं पुसट होतात. घटकयादी आणि तक्ता एकाच गडद रंगात, फिक्या पार्श्वभूमीवर ठेवा. गडद तपकिरी पाकिटावर पांढऱ्यात कोरलेली मराठी यादी स्क्रीनवर छान दिसते, प्रत्यक्षात त्यातले अनुस्वार शाईने भरून जातात. मजकूर एकाच रंगात असला की पुढे दुरुस्ती निघाली तर बहुधा एकच सिलिंडर बदलावा लागतो, सगळा संच नाही.

प्रूफ स्क्रीनवर मंजूर करू नका. खऱ्या आकारात कागदावर छापून घ्या. एकीने वजनांची शीट मोठ्याने वाचायची, दुसरीने पाकिटावर बोट ठेवून आधी मराठी, मग इंग्रजी तपासायची. वीस मिनिटं लागतात.

दिवाळीच्या आधी तेलाचे भाव हलतात आणि पामोलीनच्या जागी सोयाबीन किंवा सरकीचं तेल येतं. तेव्हा यादीतलं नाव तर बदलतंच, शिवाय तक्ताही बदलतो. पामोलीनमध्ये चाळीस टक्क्यांहून जास्त संपृक्त मेद असतो, सोयाबीन तेलात साधारण पंधरा. तेवढ्याच तेलात तळलेल्या याच चकलीचा १३.२ ग्रॅमचा आकडा पाच ग्रॅमच्या खाली येईल. तेल बदललं त्याच दिवशी शीटमधली ओळ बदला, नवा नमुना तपासायला पाठवा, आणि पामोलीन छापलेला जुना रोल मशीनवर चढवू नका.